परवाना करारातल्या कोऱ्या जागा : सही करण्यापूर्वी हक्क, प्रदेश, मुदत आणि रॉयल्टी कशी तपासावी

गेल्या वर्षी एका कादंबरीकार मैत्रिणीचा फोन आला. तिच्या कादंबरीचं ऑडिओबुक काढायला एक कंपनी तयार होती. करार सात पानी होता, इंग्रजीत होता आणि पाच दिवसांत सही करून पाठवायचा होता. "अगं, पंचवीस टक्के रॉयल्टी देतायत. छापील पुस्तकावर मला दहा टक्केसुद्धा नीट मिळत नाहीत," ती म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद मला समजत होता. मीही कधीकाळी असाच आकडा पाहून सही केली आहे. माझ्या पहिल्या कथासंग्रहाच्या करारात 'कॉपीराइटच्या संपूर्ण कालावधीसाठी' हे शब्द होते, आणि त्यांचा अर्थ काय हे मी विचारलंही नव्हतं. पुस्तक आता बाजारात मिळत नाही आणि दुसऱ्याला द्यायची मला मोकळीक नाही. तेव्हापासून लेखक-संगीतकार मित्रांचे करार मी त्यांच्यासोबत बसून वाचते. मी वकील नाही. मोठी रक्कम किंवा सिनेमाचे हक्क असतील तर वकील लागतोच. पण वकिलाकडे जाण्याआधी आपल्याला काय विचारायचं आहे ते माहीत असावं, त्यासाठी हा लेख.

मैत्रिणीचा करार कसा वाचला ते क्रमाने सांगते.

आधी कायदा काय म्हणतो ते समजून घ्या

आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७चा आहे आणि २०१२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. परवाना तपासताना त्यातलं कलम १९ हाताशी ठेवावं. ते मुळात असाइनमेंटबद्दल, म्हणजे हक्क पूर्णपणे दुसऱ्याच्या नावे करण्याबद्दल आहे, पण कलम ३०-अ मुळे परवान्यालाही लागू होतं. त्यातल्या तीन तरतुदी लेखकाला तोंडपाठ हव्यात.

करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क फक्त भारतापुरते दिले असं मानलं जातं. आणि हक्क घेणाऱ्याने करारापासून एक वर्षाच्या आत ते वापरलेच नाहीत, तर ते हक्क आपोआप संपतात. या शेवटच्या तरतुदीला एक शेपूट आहे: करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर.

म्हणजे करारात जागा कोरी राहिली तर कायदा लेखकाच्या बाजूने ती भरतो. कंपनीचा वकील हे जाणतो, म्हणून तो जागा कोरी सोडत नाही. परवाना तपासायचा म्हणजे त्याने कोणती जागा कशी भरली आहे ते शोधायचं. मैत्रिणीच्या करारात पाचव्या पानावर, 'संकीर्ण' या मथळ्याखाली, पत्रव्यवहाराचा पत्ता आणि लवादाचं ठिकाण यांच्यामध्ये एक ओळ होती: कलम १९(४)च्या तरतुदी या कराराला लागू होणार नाहीत. एवढंच. वर्षभरात ऑडिओबुक केलं नाही तरी हक्क कंपनीकडेच राहणार, असा तिचा अर्थ. मसुदा हातात आला की मी आता सगळ्यात आधी १९ हा आकडा शोधते. पीडीएफ असेल तर शोधायला अर्धा मिनिट लागतो.

तुमच्याकडे देण्यासारखं काय आहे ते पाहा

परवाना वाचण्याआधी जुने करार काढा. छापील पुस्तकाच्या प्रकाशकाने 'सर्व स्वरूपांतील प्रकाशनाचे हक्क' घेतले असतील तर ऑडिओ त्यातच गेला आहे का, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे. परवान्यात तुमच्या तोंडी एक हमी घातलेली असते: हे हक्क माझ्याकडे आहेत, ते मी दुसऱ्या कुणाला दिलेले नाहीत, आणि कुणी दावा केला तर कंपनीचं नुकसान मी भरून देईन. ही हमी चुकली तर भुर्दंड तुमच्यावर येतो. शक्य असेल तिथे नुकसानभरपाईला मर्यादा घालून घ्यावी, मिळालेल्या रॉयल्टीइतकी.

जुन्या करारात असाइनमेंट असेल तर एक गोष्ट तुमच्या कामी येऊ शकते. २०१२च्या दुरुस्तीने कलम १८ मध्ये असं घातलं की, करार झाला तेव्हा जे माध्यम अस्तित्वात नव्हतं किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याला ती असाइनमेंट लागू होत नाही, त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख असल्याशिवाय. त्यामुळे जुन्या कागदावरची तारीख आणि माध्यमांची यादी दोन्ही वाचा.

मैत्रिणीच्या छापील पुस्तकाच्या करारात 'पुस्तकरूपाने मुद्रण आणि विक्री' एवढेच शब्द होते. ऑडिओ तिच्याकडे होता. प्रकाशकाकडून तसं एका ओळीचं पत्र मात्र मी तिला घ्यायला लावलं. वाद नसतो तेव्हा असं पत्र दोन दिवसांत मिळतं.

व्याख्यांच्या पानावर व्याप्ती ठरते

करारातलं 'हक्क प्रदान' हे कलम सहसा साधं दिसतं: लेखक कंपनीला 'ऑडिओ हक्क' देत आहे. त्यामुळे लोक तिथेच थांबतात. पण 'ऑडिओ हक्क' म्हणजे काय हे पहिल्या पानावरच्या व्याख्येत असतं. मैत्रिणीच्या करारातली व्याख्या मराठीत सांगायची तर अशी होती: 'कृतीचे किंवा तिच्या कोणत्याही भागाचे, संक्षिप्त, रूपांतरित, अनुवादित किंवा नाट्यरूप अशा कोणत्याही प्रकारातील, सध्या ज्ञात किंवा भविष्यात विकसित होणाऱ्या कोणत्याही माध्यमातील श्राव्य रूप, तसेच त्यावर आधारित कृती.'

हे वाक्य तुकडे करून वाचावं. 'संक्षिप्त' म्हणजे कादंबरी दोन तासांत आवळता येईल, लेखिकेला न विचारता. 'अनुवादित' म्हणजे हिंदी आणि इंग्रजी ऑडिओही यातच आले. 'नाट्यरूप' म्हणजे श्रुतिका, नभोनाट्य, अनेक आवाजांतली मालिका. 'भविष्यात विकसित होणाऱ्या' म्हणजे जे माध्यम आज कुणी पाहिलेलं नाही तेही दिलं. आणि शेवटचे तीन शब्द, 'त्यावर आधारित कृती', सगळ्यात रुंद आहेत. त्या पात्रांना घेऊन नवी ऑडिओमालिका काढायला ते पुरतात.

हे तपासण्याची माझी पद्धत अशी. एका कागदावर कृतीचे सुटे हक्क उभे लिहायचे. कायद्याच्या कलम १४ मध्ये ती यादी आहेच: प्रती काढणं, प्रती वितरित करणं, जाहीर सादरीकरण, लोकांपर्यंत प्रसारण, ध्वनिमुद्रण, चित्रपट, अनुवाद, रूपांतर. मग प्रत्येकासमोर लिहायचं, करार हा हक्क घेतो का, आणि कंपनी तो खरोखर वापरणार आहे का. दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' आलं तर तो हक्क यादीतून काढायला सांगायचा. जे वापरायचंच नाही ते कंपनीला सोडायला जड जात नाही, आणि जड जात असेल तर त्यामागे काहीतरी बेत आहे, तो विचारून घ्यावा.

आम्ही व्याख्या अशी बदलून पाठवली: 'कृतीच्या संपूर्ण मराठी संहितेचे, एका निवेदकाच्या आवाजातील, असंक्षिप्त वाचन, डाउनलोड आणि स्ट्रीमिंगद्वारे वितरणासाठी. याखेरीज सर्व हक्क लेखिकेकडे राखीव.' शेवटचं वाक्य विसरू नका. ते नसलं की सीमेवरच्या प्रत्येक हक्काबद्दल वाद होऊ शकतो.

व्याप्तीतला दुसरा शब्द म्हणजे 'एक्सक्लुझिव्ह'. कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे असा परवाना दिला की तो हक्क बाकी सगळ्यांसाठी बंद होतो, आणि त्या 'सगळ्यां'मध्ये खुद्द मालकही येतो. मैत्रीण आपल्या कादंबरीतली प्रकरणं कार्यक्रमांत वाचते, त्याची ध्वनिमुद्रणं स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर टाकते. सही झाल्यावर हे सगळं कराराचा भंग ठरलं असतं. ऑडिओबुकला पैसे घालणारी कंपनी एक्सक्लुझिव्ह मागणारच, ते रास्तही आहे. म्हणून परवाना तसाच ठेवून आम्ही एक अपवाद मागितला: लेखिकेला जाहीर अभिवाचनाचा आणि प्रसिद्धीसाठी एकूण तीस मिनिटांपर्यंतच्या ध्वनिमुद्रणाचा हक्क राहील.

कराराच्या मथळ्यावरही जाऊ नका. वर 'परवाना करार' लिहिलेलं असतं आणि आत 'प्रदान व हस्तांतरित करीत आहे' असे शब्द असतात. हस्तांतरण आलं की ती असाइनमेंट झाली. परवान्यात मालकी तुमच्याकडे राहते, असाइनमेंटमध्ये ती जाते. 'हस्तांतरित' खोडून फक्त 'वापरण्याचा परवाना देत आहे' असं करून घ्या.

मुदत: कधीपासून मोजायची?

सात वर्षं म्हटलं की आपण सात वर्षंच ऐकतो. पण मैत्रिणीच्या करारात होतं, 'ऑडिओबुक प्रथम प्रकाशित झाल्याच्या तारखेपासून सात वर्षे'. प्रकाशन कधी? 'कंपनीच्या व्यावसायिक निर्णयानुसार.' आता पाचव्या पानावरची ती १९(४)ची ओळ याला जोडून वाचा. कंपनीने ऑडिओबुक काढलंच नाही, तर सात वर्षं सुरूच होत नाहीत आणि हक्कही परत येत नाहीत. मुदतीचं कलम वाचणारा सात वर्षांवर समाधानी, संकीर्ण वाचणाऱ्याला ती ओळ कशाबद्दल आहे हे कळत नाही, आणि दोन्ही मिळून कादंबरी कायमची कपाटात.

यावर उपाय दोन वाक्यांचा आहे. मुदत सहीच्या तारखेपासून मोजायची, किंवा प्रकाशनापासून मोजायची असेल तर प्रकाशनाला शेवटची तारीख घालायची. आम्ही लिहिलं: 'सहीपासून बारा महिन्यांत ऑडिओबुक प्रकाशित न झाल्यास हा परवाना कोणत्याही सूचनेविना संपेल आणि दिलेला ॲडव्हान्स लेखिकेकडे राहील.' १९(४)ची ओळ काढून टाकायला सांगितली.

मुदत संपल्यावर काय होतं तेही इथेच पाहायचं. आपोआप नूतनीकरणाचं कलम असतं: 'मुदत संपण्यापूर्वी नव्वद दिवस लेखी सूचना न दिल्यास करार आणखी सात वर्षांसाठी वाढेल.' सात वर्षांनी नव्वद दिवसांची ती खिडकी कुणाच्या लक्षात राहते? नूतनीकरण दोघांच्या लेखी संमतीनेच व्हावं, निदान वाढ एकेक वर्षाची असावी.

'कॉपीराइटच्या संपूर्ण कालावधीसाठी' असेल तर हिशेब करून पाहा. आपल्या कायद्यात साहित्यकृतीचा कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षं असतो. अडतीस वर्षांच्या लेखिकेने आज सही केली आणि ती ऐंशी वर्षं जगली, तर बेचाळीस अधिक साठ, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांसाठी तिने हक्क दिले. त्या काळात तिची नातवंडंही म्हातारी झालेली असतील.

ऑडिओच्या बाबतीत एक पेच नवख्यांना दिसतच नाही. ध्वनिमुद्रणाला स्वतःचा वेगळा कॉपीराइट असतो आणि तो सहसा निर्मात्याचा, म्हणजे इथे कंपनीचा असतो. परवाना संपला की कंपनीला ते मुद्रण विकता येत नाही, कारण आतला मजकूर लेखिकेचा. आणि लेखिकेलाही ते दुसरीकडे देता येत नाही, कारण आवाजाची फाइल कंपनीची. चांगलं वाचलेलं पुस्तक दोघांच्या मध्ये पडून राहतं. म्हणून सुरुवातीलाच लिहून घ्यावं, की मुदत संपल्यावर निर्मितीखर्चाच्या ठरावीक टक्क्यांत मुद्रण विकत घेण्याचा पहिला हक्क लेखिकेचा.

प्रदेश

'संपूर्ण विश्व' असं लिहिलेले करार मी पाहिले आहेत, म्हणजे पृथ्वीवर समाधान नाही. मराठी ऑडिओबुकसाठी मात्र जगभरचा प्रदेश द्यायला माझी हरकत नसते. ॲप सगळीकडे ऐकता येतं, मराठी ऐकणारे अनेक देशांत आहेत, आणि देशवार तुकडे करून मराठी ऑडिओ दुसऱ्या कुणाला विकता येईल असं सहसा होत नाही. प्रदेशाचा खरा प्रश्न भाषेला जोडलेला आहे. व्याख्येत 'अनुवादित' राहिलं आणि प्रदेश 'जगभर' राहिला, तर परदेशातल्या इंग्रजी अनुवादाच्या प्रकाशकाला ऑडिओ देणं तुम्हाला शक्य होणार नाही, आणि अनेकदा ऑडिओशिवाय तो छापील अनुवादही घेत नाही. म्हणून जगभर द्या, पण फक्त मराठीत.

छापील पुस्तक किंवा नाटकाचे प्रयोग असतील तर उलट विचार करावा. तिथे प्रदेशाचे तुकडे खरोखर विकले जातात, आणि कंपनीचं वितरण जिथे नाही तो प्रदेश तिला देण्यात काही अर्थ नाही.

रॉयल्टी: टक्के कशाचे?

आता त्या पंचवीस टक्क्यांकडे. करारात होतं, 'निव्वळ प्राप्तीच्या २५ टक्के'. निव्वळ प्राप्तीची व्याख्या पुन्हा पहिल्या पानावर: 'कृतीतून कंपनीला प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, वजा निर्मितीखर्च, प्रसिद्धीखर्च आणि पंधरा टक्के प्रशासकीय खर्च.'

आम्ही दोघींनी कागदावर मांडणी केली. आकडे अंदाजाचे, पण गणित खरं. समजा पहिल्या वर्षी ॲपने आपला हिस्सा काढून कंपनीला या पुस्तकाचे २,००,००० रुपये दिले. स्टुडिओ, निवेदक आणि संकलन मिळून निर्मितीखर्च ९०,०००. प्रसिद्धी ४०,०००. प्रशासकीय खर्च दोन लाखांचे पंधरा टक्के, म्हणजे ३०,०००. वजाबाकी केली की उरतात ४०,०००. त्याचे पंचवीस टक्के १०,०००. ॲडव्हान्स १५,००० आधीच दिलेला, म्हणून पहिल्या वर्षी हातात शून्य, वर ५,००० पुढच्या वर्षाच्या रॉयल्टीतून वळते व्हायचे बाकी.

त्याऐवजी 'कंपनीला मिळालेल्या रकमेच्या १२ टक्के, कोणतीही वजावट न करता' असं असतं तर? दोन लाखांचे बारा टक्के २४,०००. ॲडव्हान्स वजा केला की ९,००० हातात. निम्म्याहून कमी टक्क्यांत जास्त पैसे.

पण हिशेब इथे थांबवला तर तो अर्धवट राहील, म्हणून पुढची वर्षंही मांडली. निर्मितीखर्च एकदाच वजा होतो असं धरलं. समजा दुसऱ्या वर्षापासून दरवर्षी १,००,००० येतात, प्रसिद्धी २०,००० आणि प्रशासन १५,०००. उरले ६५,०००, त्याचे पंचवीस टक्के १६,२५०. बारा टक्क्यांच्या पद्धतीत फक्त १२,०००. म्हणजे दुसऱ्या वर्षापासून पंचवीस टक्केच बरे. चार वर्षांची बेरीज केली तर निव्वळ प्राप्तीवर ५८,७५० आणि बारा टक्क्यांवर ६०,०००. पाचव्या वर्षी पारडं फिरतं: ७५,००० विरुद्ध ७२,०००.

या गणिताने तीन गोष्टी दाखवल्या. पाच वर्षांपेक्षा लांब मुदत आणि टिकून राहणारं पुस्तक असेल तर निव्वळ प्राप्तीचा करार वाईट नाही. पण तो बरा ठरतो तो निर्मितीखर्च एकदाच वजा झाला तर, आणि करारात 'एकदाच' हा शब्द नव्हता. आणि ऐकणारे दरवर्षी कमी होत गेले, जे बहुतेक पुस्तकांचं होतं, तर प्रसिद्धीचा खर्चच सगळं खाऊन टाकतो. त्यामुळे मी नवख्या लेखकाला वजावटीशिवायचा छोटा टक्का मागायला सांगते. कंपनी निव्वळ प्राप्तीवर अडून बसली तर वजावटीची यादी बंद करून घ्यावी: निर्मितीखर्च एकदाच आणि आधी ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत, प्रसिद्धीखर्च प्राप्तीच्या दहा टक्क्यांहून जास्त नाही, प्रशासकीय खर्च नाही. 'इत्यादी' आणि 'यांसारखे इतर खर्च' हे शब्द दिसतील तिथे खोडावेत.

ॲडव्हान्सबद्दल दोन शब्द पाहावेत: 'परत न करण्याजोगा' आहे ना, आणि वळता कशातून होणार. 'लेखकाच्या कंपनीकडील कोणत्याही कृतीच्या रॉयल्टीतून' असं असेल तर एका पडलेल्या पुस्तकाचा तोटा दुसऱ्या चाललेल्या पुस्तकातून वसूल होतो. ते 'याच कृतीच्या रॉयल्टीतून' असं करून घ्यायचं. कंपनीने हक्क पुढे तिसऱ्याला दिले तर त्या रकमेतला तुमचा वाटा वेगळा लिहिलेला असावा, आणि तो निम्म्याहून कमी नसावा असं मला वाटतं, कारण तिथे कंपनीचं काम फक्त मध्यस्थाचं असतं.

आणि हिशेब. वर्षातून दोनदा लेखी हिशेब, त्यात ॲपचं नाव, ऐकलेली मिनिटं किंवा विक्री, आलेली रक्कम आणि प्रत्येक वजावट वेगळ्या ओळीत. वर्षातून एकदा हिशेबाची पुस्तकं तपासण्याचा हक्क, आणि तफावत पाच टक्क्यांहून जास्त निघाली तर तपासणीचा खर्च कंपनीचा. मैत्रिणीच्या करारात 'कंपनीचा हिशेब अंतिम व बंधनकारक राहील' असं होतं. ते वाक्य राहिलं असतं तर वरच्या सगळ्या टक्क्यांची शहानिशा करायचा रस्ताच बंद झाला असता.

गीतकार-संगीतकारांसाठी वेगळं

गाण्याच्या करारात एक मुद्दा पूर्ण वेगळा आहे. एकरकमी पैसे घ्या आणि रॉयल्टीवरचा हक्क कायमचा सोडा, असं कलम अजूनही सर्रास दिसतं. २०१२च्या दुरुस्तीनंतर कलम १८ सांगतं, की चित्रपटातल्या गाण्याच्या गीतकार-संगीतकाराला, चित्रपटगृहात चित्रपटासोबत दाखवणं सोडून, गाण्याच्या इतर वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समसमान वाटा सोडून देता येत नाही. चित्रपटात नसलेल्या ध्वनिमुद्रित गाण्यालाही तशीच तरतूद आहे. हा हक्क फक्त वारसांना किंवा रॉयल्टी वाटपासाठी कॉपीराइट सोसायटीला देता येतो. तेव्हा कराराच्या मसुद्यात 'रॉयल्टीचा हक्क सोडत आहे' दिसलं तर खोडायला सांगताना कलमाचा आकडा लिहा, चर्चा लवकर संपते.

तुम्ही आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचे सभासद असाल तर सभासद होताना काही हक्क सोसायटीकडे दिलेले असतात. त्याच हक्कांबद्दल म्युझिक कंपनीशी उलट करार केला तर तो कलम १९(८) प्रमाणे तेवढ्यापुरता रद्द ठरतो, आणि 'हे हक्क मी कुणाला दिलेले नाहीत' ही तुमची हमी खोटी पडते. म्हणून हमीच्या कलमात 'कॉपीराइट सोसायटीला दिलेले हक्क वगळून' हे शब्द घालून घ्यावेत.

गाण्यात वाटे किती जणांचे, तेही लिहून ठेवा. गीत, चाल आणि गायन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. गायकाचा हक्क हा कलाकाराचा हक्क, तो गीतकार-संगीतकाराच्या कॉपीराइटपेक्षा निराळा. चाल दोघांनी मिळून केली असेल तर एकाच्या सहीने परवाना पुरा होत नाही. स्टुडिओतून निघण्याआधी एका कागदावर नावं आणि टक्के लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. गाणं चाललं की आठवणी बदलतात.

बदल कसे मागावेत

मैत्रिणीने कंपनीला एकच ईमेल केली. तक्रारीचा सूर नाही, लांब खुलासा नाही. कराराचं कलम, जुनं वाक्य, नवं वाक्य, आणि एका ओळीत कारण. आमचे सात बदल होते: व्याख्या, अभिवाचनाचा अपवाद, बारा महिन्यांची तारीख, नूतनीकरण, मुद्रण विकत घेण्याचा हक्क, रॉयल्टीचा पाया आणि हिशेबतपासणी. कोणते सोडता येतील तेही आधी ठरवून ठेवलं होतं. व्याख्या आणि बारा महिने सोडायचे नाहीत, बाकी बोलणीत.

दहा दिवसांनी उत्तर आलं. व्याख्या मान्य, फक्त 'एका निवेदकाच्या' ऐवजी 'एक किंवा दोन निवेदकांच्या'. बारा महिन्यांऐवजी अठरा मागितले, पंधरावर जमलं, आणि १९(४)ची ओळ निघाली. बारा टक्के त्यांनी नाकारले. निव्वळ प्राप्तीचे पंचवीसच ठेवले, पण निर्मितीखर्च एकदाच आणि ८०,००० रुपयांच्या मर्यादेत, प्रसिद्धी दहा टक्क्यांपर्यंत, प्रशासकीय खर्च गेला. त्या अटींवर आमच्याच कागदावरचं पहिलं वर्ष पुन्हा मांडलं: दोन लाखांतून ८०,००० आणि २०,००० वजा, उरले एक लाख, रॉयल्टी २५,०००. बारा टक्क्यांच्या २४,०००हून जास्तच. मुद्रण विकत घेण्याचा हक्क त्यांनी दिला नाही आणि तो आम्ही सोडला. आपोआप नूतनीकरणही तसंच राहिलं, फक्त वाढ सात वर्षांऐवजी एक वर्षाची झाली.

सही करताना तिने प्रत्येक पानावर छोटी सही केली, दोन्ही बाजूंच्या सह्या असलेली प्रत मागून घेतली, आणि ईमेलमधले बदल शेवटच्या पीडीएफमध्ये खरोखर आले आहेत का ते जुन्या मसुद्याशेजारी ठेवून तपासलं. एक बदल आलेला नव्हता. टंकलेखनात राहून गेला असेल, पण तो नेमका प्रसिद्धीखर्चाच्या मर्यादेचा होता. दुरुस्त प्रत आल्यावरच सही झाली.

त्याच संध्याकाळी तिने फोनच्या कॅलेंडरमध्ये तीन तारखा टाकल्या: सहीपासून पंधराव्या महिन्याची अखेर, पहिल्या सहामाही हिशेबाचा दिवस, आणि मुदत संपण्याआधीचा एकशेवीसावा दिवस, म्हणजे नव्वद दिवसांच्या सूचनेला महिनाभर आधी. तिसऱ्या तारखेपुढे तिने कराराची फाइल कुठे ठेवली आहे तेही लिहून ठेवलं.